"कोथिंबीर आणली का?" : अंबडहून घरी येणाऱ्या एका माणसाच्या रागाचं प्रकरण

मी नाशिकमधे समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांकडून एक तक्रार इतक्यांदा ऐकलीय की आता समोरचीनं तोंड उघडलं की कळतं, "बाहेर सगळे म्हणतात तुमच्या मिस्टरांसारखा शांत माणूस नाही, आणि घरात..." आणि पुढचं वाक्य बहुतेक वेळा पूर्णच होत नाही. पुरुषांकडूनही येते ही तक्रार, बायकोबद्दल, फक्त कमी वेळा. त्यातलं एक प्रकरण इथे सविस्तर लिहितेय, दोघांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असं सगळं बदलून. हेच का, तर यात नवरा-बायको दोघांनीही महिनाभर प्रामाणिकपणे नोंदी ठेवल्या, त्यामुळे नुसत्या अंदाजावर बोलावं लागलं नाही.

तो एक्केचाळीस वर्षांचा, अंबड एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला. गाड्यांना लागणारे ब्रॅकेट बनतात तिथे. ती एका पतसंस्थेत काउंटरला. मुलगी सहावीत, सासूबाई सोबत, घर पंचवटीत हिरावाडीकडे. मारहाण नाही, दारू नाही, कर्जाचा ताण म्हणावा तर घराचा हप्ता आहे तेवढाच. तक्रार एकच की संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यापासून जेवणापर्यंत हा माणूस कधी कोणावर भडकेल सांगता येत नाही. तो स्वतःच म्हणाला, "मॅडम, मला पण कळत नाही. कंपनीत लोक मला कूल म्हणतात."

त्यांना माझ्याकडे घेऊन आलेला दिवस असा. सकाळी सव्वाअकराला चाकणहून कस्टमरच्या क्वालिटीवाल्याचा फोन, की तुमच्या लॉटमधे ड्रिल होलला बर आहे, म्हणजे भोकाच्या कडेला धातूची खरखरीत कड राहिलीय, १४ पीस सापडलेत, लाइनवर माणसं ओरडतायत. आता हा बर येणार हे यानं दोन दिवस आधीच प्रॉडक्शनला सांगितलं होतं, ड्रिल झिजलंय बदला म्हणून, पण "आजची डिस्पॅच जाऊ द्या" म्हणत ते पुढे ढकललं गेलं होतं. फोनवर यातलं काही बोलता येत नाही, कारण कस्टमरसमोर आपल्याच प्रॉडक्शनची चूक काढायची नसते. मग "हो सर, बरोबर आहे सर, दोन माणसं सॉर्टिंगला आत्ता निघतात सर". दुपारी रिव्ह्यू मीटिंगमधे प्लँट हेडनी सगळ्यांसमोर विचारलं, "क्वालिटी काय झोपली होती का?" प्रॉडक्शनवाला बाजूलाच बसलेला, खाली बघत. हा म्हणाला, "नोटेड सर." चारला कस्टमरचा परत फोन, चूक कशी झाली आणि परत कशी होणार नाही याचा एट-डी रिपोर्ट आजच पाहिजे. सहाला सॉर्टिंगला गेलेल्या पोरांचा फोन, आम्हाला गेटवरच थांबवलंय. दिवसभर आवाज एकदाही चढला नाही.

सात वाजता निघाला, द्वारका चौकात नेहमीसारखा अडकला, साडेसातनंतर कधीतरी घरी. दार उघडलं, बायको ओट्यापाशी, मिक्सरमधे खोबरं-मिरची काढून ठेवलेली, तिनं मान न वळवताच विचारलं, "कोथिंबीर आणली का हो?"

"एक दिवस तरी तुझं तू बघशील का? मी काय हमाल आहे का तुमचा? चोवीस तास सगळ्यांना मीच पाहिजे!" आई आतून म्हणाली, "अरे तिनं काय केलं आता?" तर आईला, "तू मधे पडू नको, तुला काही माहिती नसतं." टिफिनची पिशवी ओट्यावर आपटली, डब्याचं झाकण निघून उरलेली भाजी सांडली.

आणि हे सगळं चालू असताना खिशातला फोन वाजला. प्लँट हेड. यानं एक श्वास घेतला आणि म्हणाला, "हो सर, बोला ना सर. नाही नाही, घरीच आहे, बोला." मऊ आवाज, चेहऱ्यावर हसू सुद्धा. मुलगी हॉलमधे अभ्यासाला बसलेली, ती आजीला म्हणाली, "बाबा फोनवर किती छान बोलतात ना."

हे वाक्य सांगताना तो माझ्यासमोर रडला. मला मात्र व्यावसायिक म्हणून ते वाक्य फार महत्त्वाचं वाटलं, कारण या विषयावर जे उत्तर सगळ्यात आधी दिलं जातं ते त्या एका वाक्यानं अडतं.

ते उत्तर म्हणजे, दिवसभर संयम वापरून वापरून संध्याकाळी तो संपतो, टाकीतलं पाणी संपावं तसा. मानसशास्त्रात १९९८ साली रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना प्रयोगांसकट मांडली आणि ती खूप लोकप्रिय झाली. पण २०१६ मधे २३ प्रयोगशाळांनी मिळून या कल्पनेवरचा नंतरचा एक प्रयोग ठरवून पुन्हा केला तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. दमल्यावर माणूस चिडका होतो हे खोटं नाही, झोप कमी झाली की कोणीही चिडकं होतं. पण टाकी खरंच रिकामी असती तर आईवर ओरडून पाच सेकंद झाल्यावर साहेबांशी तो मऊ आवाज आला कुठून? संयम होता त्याच्याकडे. तो वापरला जात नव्हता, आणि कोणासाठी वापरला जात नव्हता हे शोधायचं होतं.

म्हणून महिनाभर नोंदी. त्यानं खिशातल्या डायरीत मागच्या पानावर दिवसाला एक ओळ ठेवायची, आणि कामावर जेव्हा जेव्हा तोंडापर्यंत आलेलं उत्तर गिळलं तेव्हा एक रेघ मारायची. किती काम होतं ते शेवटी एका शब्दात, हलका, मध्यम, जड. तिनं वेगळ्या वहीत घरी केव्हा, कोणावर, कोणत्या वाक्यानंतर भडका उडाला ते लिहायचं. एकमेकांची वही बघायची नाही. मुद्दाम सांगते, भावना लिहायला मी लावत नाही, कारण लोक मग आधी स्वतःची बाजू मांडतात. रेघ मारायला दोन सेकंद लागतात आणि ती खोटी मारावीशी वाटत नाही.

२५ कामाचे दिवस झाले, त्यात ११ भडके. दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या तर पहिली गोष्ट दिसली ती त्यालाच धक्का देणारी होती. जड दिवसांचा आणि भडक्यांचा मेळ बसत नव्हता. मधला एक आठवडा असा होता की मशीन ब्रेकडाउन, हा रोज रात्री दहापर्यंत कंपनीत, पण त्या आठवड्यात रेघा एक-दोनच, कारण सगळे मिळून काम करत होते, कोणी कोणाला बोलत नव्हतं. त्या आठवड्यात घरी एकच भडका. तिनं लिहिलं होतं, "गप्प होते, जेवून झोपले." उलट ज्या दिवशी तीनपेक्षा जास्त रेघा, त्या दिवशी काम हलकं असलं तरी घरी ठिणगी. ११ पैकी ९ भडके अशा दिवसांचे.

एका माणसाच्या एका महिन्यावरून जगाचा नियम काढायचा नसतो, पण हे चित्र नवीन नाही. अमेरिकेत रेना रेपेटी यांनी एअर ट्रॅफिक कंट्रोलर लोकांचा असा रोजच्या रोज अभ्यास केला होता, १९८९ आणि १९९४ चे त्यांचे पेपर आहेत. त्यात नुसता कामाचा भार जास्त असलेल्या दिवशी माणसं घरी येऊन मिटून गेलेली दिसली, आणि कामावर माणसांशी खटके उडाले त्या दिवशी मुलांशी वागण्यात राग आणि चिडचिड वाढलेली दिसली. म्हणजे "आज फार काम होतं" हे कारण आपण घरी सांगतो ते बऱ्याचदा चुकीचं असतं. काम थकवतं. अपमान गिळला असेल तर तो घरापर्यंत येतो.

गिळल्यावर तो जातो कुठे, हा पुढचा प्रश्न. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९३ मधे लोकांना किळस येईल अशी फिल्म दाखवली आणि काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चेहरे शांत राहिले, पण किळस तेवढीच वाटली, आणि हाताला सुटणारा घाम, बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसणं हे न लपवणाऱ्यांपेक्षा वाढलं. तर ऑफिसमधला "कूल" माणूस आतून थंड असतोच असं नाही. आमच्या या गृहस्थांना मी विचारलं, "नोटेड सर" म्हणताना अंगात काय होतं? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, दात. दात घट्ट मिटलेले असतात, आणि संध्याकाळी जबडा दुखतो, त्यासाठी तो दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आला होता.

पण शरीरातला हा ताण सहा-आठ तास आपोआप टिकत नाही, मधे काही घडलं नाही तर तो बराच लवकर उतरतो. मग सव्वाअकराचा राग साडेसातला ताजा कसा? याचं उत्तर त्याच्या बाइकवर होतं. अंबड ते हिरावाडी चाळीस मिनिटं, आणि ती चाळीस मिनिटं तो मीटिंग परत परत खेळायचा. या वेळी मनातल्या मनात प्लँट हेडला तो सगळं सुनावायचा, ड्रिलचं, डिस्पॅचचं, बाजूला खाली बघत बसलेल्या माणसाचं. त्याला वाटायचं आपण रस्त्यात मोकळे होतोय. होत उलट होतं, विस्तवावर फुंकर. ब्रॅड बुशमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मधे नेमकं हेच तपासलं, आधी अपमान झालेल्या लोकांना काही वेळ तोच विचार करत बसवलं आणि मग एका वेगळ्याच, निरपराध माणसानं त्यांच्यासमोर किरकोळ चूक केली. अपमान घोळवत बसलेल्यांनी त्या निरपराध माणसावर जास्त राग काढला. आता यात त्या निरपराध माणसाच्या जागी ओट्यापाशी उभी असलेली बायको ठेवा आणि किरकोळ चुकीच्या जागी कोथिंबीर.

तिच्या वहीनं आणखी एक गोष्ट दाखवली, माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात बारीक आणि कामाची. ११ पैकी ८ भडके प्रश्नानंतरचे होते, आणि प्रश्न सगळे एकाच घडणीचे. आणलं का, भरलं का, सांगितलं का, बघितलं का. गॅसचं बुकिंग केलं का. फी भरली का. मी त्याला विचारलं, कंपनीत दिवसभर कोणते प्रश्न येतात? तो सांगायला लागला, चेक केलं होतं का, रिपोर्ट पाठवला का, ऑपरेटरला सांगितलं होतं का, आणि तिसऱ्या प्रश्नालाच थांबला. कंपनीत या घडणीचा प्रत्येक प्रश्न म्हणजे आरोप असतो, चूक कोणाची हे ठरवायला विचारलेला. दिवसभर तो कान तयार झालेला, आणि घरी बायकोला खरंच फक्त एवढंच कळून घ्यायचं होतं की चटणीत कोथिंबीर घालायची की तशीच वाटायची. तिचा प्रश्न त्याला ऐकूच गेला नाही, त्याला प्लँट हेडचा प्रश्न ऐकू गेला आणि या वेळी उत्तर देता आलं.

इथपर्यंत ऐकून त्याचा चेहरा जरा सैल झाला, म्हणजे मी वाईट माणूस नाही असं काहीतरी. मी तिथे थांबले असते तर ते सोपं पडलं असतं, पण तिच्या वहीत अजून एक पान होतं. त्या महिन्यात त्याचे थोरले भाऊ सिन्नरहून दोन दिवस राहायला आले होते. त्याच्या डायरीत त्या दोन दिवशी रेघा चार आणि पाच. तिच्या वहीत भडके शून्य. दादांनी आल्या आल्या विचारलं होतं, "सातबाराचं काय झालं, गेला होतास का तलाठ्याकडे?" हा म्हणाला, "नाही दादा, या आठवड्यात जातो."

तोच दिवस, तेवढ्याच रेघा, तशीच प्रश्नाची घडण, तेच घर. म्हणजे "घरी आल्यावर कंट्रोल सुटतो" हे पूर्ण खरं नव्हतं. बायकोसमोर, आईसमोर, मुलीसमोर सुटतो. दादांसमोर राहतो, साहेबांसमोर राहतो. ज्याच्यावर चिडल्याची किंमत लगेच मोजावी लागते तिथे राग थांबतो. बायको रात्री ताट वाढणारच, आई उद्या सकाळी "चहा घेतलास का" विचारणारच, हे त्याला इतकं पक्कं माहीत होतं की किंमत आहे हेच दिसत नव्हतं. लोक म्हणतात ना, आपलं माणूस म्हणून हक्कानं रागावतो. त्यात थोडं तथ्य आहे, जिथे सुरक्षित वाटतं तिथे माणूस मुखवटा उतरवतो. पण सुरक्षित वाटणं त्याच्या बाजूचं होतं. ती सातच्या पुढे जिन्यातल्या पावलांच्या आवाजावरून आजचा मूड ओळखायचा प्रयत्न करत होती, आणि मुलगी बाबा यायच्या आधी दप्तर आत नेऊन ठेवत होती. ही किंमतच होती, फक्त बिल दुसऱ्यांच्या नावावर.

आणि हे फक्त पुरुषांचं नाही. तिच्या वहीत शेवटच्या आठवड्यात तिनं न सांगता स्वतःचाही रकाना पाडला होता. काउंटरवर ठेवीदार रोज काहीबाही बोलतात, ती "काका, सिस्टीम स्लो आहे, दोन मिनिटं" म्हणते. आणि साडेआठला मुलीच्या गणिताच्या वहीवरून तिचा आवाज चढतो. कधी नवऱ्यावर नाही, सासूवर नाही. मुलीवर. तिनं ते स्वतः वाचून दाखवलं.

उपायाची पहिली वेळ फसली, आणि कशी फसली ते सांगायला हवं कारण बरेच लोक तेच करतात. दोघांनी आपल्या मनानं ठरवलं की घरी आल्या आल्या त्यानं सगळं बोलून मोकळं व्हायचं. पहिल्या दिवशी तो चाळीस मिनिटं बोलला, आवाज चढत गेला, शेवटी तिनं काळजीनं विचारलं, "मग तुम्ही मीटिंगमधेच का नाही बोललात?" आणि महिन्यातला सगळ्यात मोठा भडका त्या दिवशी झाला. सांगितल्यानं हलकं वाटतं हे खरं, पण ताजा राग जसाच्या तसा परत सांगणं म्हणजे बाइकवरचीच फुंकर, आता ऐकणाऱ्यासकट. दुसरा प्रयत्न म्हणजे पार्किंगमधे दहा मिनिटं बाइकवर बसून मग वर यायचं. तिनं गॅलरीतून ते पाहिलं आणि तिला वाटलं, याला घरी यावंसंच वाटत नाही. तिला आधी सांगितलंच नव्हतं ना.

मग जे ठरलं ते असं. निघायच्या आधी कंपनीतच, टेबलावर, तीन ओळी लिहायच्या. काय झालं, मला काय म्हणायचं होतं, आणि उद्या किती वाजता कोणाशी बोलणार. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण डोकं घोळवत राहतं ते बहुतेक न संपलेल्या गोष्टीवर, आणि तिला वेळ आणि माणूस ठरवून दिला की ते सोडायला तयार होतं. यातून एक गोष्ट बाहेर आली ती मला अपेक्षित नव्हती, एका सकाळी तो खरंच प्रॉडक्शनवाल्याकडे गेला आणि म्हणाला की ड्रिल बदलायचं मी सांगितलं की इथून पुढे मेलवर सांगेन. त्या महिन्यात रेघाच कमी झाल्या. घरचा राग घरात दुरुस्त करायचा प्रयत्न सगळे करतात, तो जिथे तयार होतो तिथे कोणी जात नाही.

दुसरं, दारात एक वाक्य. "आज चार झाल्यात, पंधरा मिनिटं दे." चार म्हणजे चार रेघा, बाकी तपशील नाही. हात-पाय धुवायचे, फोन हॉलमधे ठेवायचा, आणि पंधरा मिनिटांनी स्वतःहून बाहेर यायचं, बोलवायला लावायचं नाही. न येता पडून राहिलं तर तो रुसवा होतो आणि घरच्यांना ओरडण्याइतकाच त्रास देतो. तिनं आपणहून सामानाची यादी पाचलाच मोबाइलवर पाठवायला सुरुवात केली, चांगलं झालं. पण तिनं प्रश्न कसे विचारावेत हे शिकवायला मी नकार दिला, त्यानं तसं सुचवलं होतं तरी. तिला स्वतःच्या घरात कोथिंबिरीबद्दल विचारता आलं पाहिजे.

तिसरं, भडका झालाच तर त्याच दिवशी, जेवायच्या आधी, ज्यांच्या समोर ओरडला त्यांच्या समोर, नेमकं काय चुकलं ते म्हणायचं. "सॉरी, आज फार टेन्शन होतं" चालणार नाही, त्यात परत कारणच पुढे. "मी तुला हमाल आहे का म्हणालो ते चुकलं." बस.

तिसऱ्या महिन्यात २४ दिवसांत चार भडके. चारही ऑडिटच्या आठवड्यातले, तेव्हा रात्री अकरापर्यंत फोन चालू होते, म्हणजे कंपनी सुटतच नव्हती, आणि त्या परिस्थितीत वरचं काहीच नीट चाललं नाही.

हे वाचून कोणी आपल्या घराला लावून बघणार असेल तर एक काळजी घ्या. सुट्टीच्या दिवशीही तेवढीच चिडचिड असेल तर ती नुसती कामावरून आलेली नसावी, झोप, थायरॉइड, शुगर, उदासीनता यातलं काहीतरी डॉक्टरांकडून बघून घ्या. आणि वस्तू फेकून मारणं, हात उगारणं, पैसे किंवा फोन काढून घेणं, घरच्यांनी भीतीनं बोलणं बंद करणं, हे असेल तर त्याला थकवा म्हणू नका, रेघा मोजत बसू नका. तिथे आधी सुरक्षितता. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन नंबर आहे.

या घरात सगळं जागेवर आलं असं मी म्हणणार नाही. मुलगी लवकर सैल झाली. बायकोला वेळ लागला, ती अजूनही पावलं ऐकते म्हणते, पण ऐकून काही लपवत नाही. सासूबाईंचं वेगळंच. "तुला काही माहिती नसतं" या वाक्यानंतर त्यांनी मुलाला थेट काही सांगणंच सोडलं होतं, काहीही हवं असेल तर सुनेमार्फत. त्यानं माफी मागितली तरी तसंच. शेवटच्या भेटीत तो मोबाइल काढून मला एक फोटो दाखवत होता, बीपीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा, थोडा हललेला, अर्ध्या फोटोत अंगठा. आईनं पहिल्यांदा स्वतः काढून पाठवला होता, संध्याकाळी सहाला, खाली लिहिलं होतं, "येताना आणशील का".